यादीतली खोडलेली ओळ

प्रश्न: आठ वर्षांची मुलगी चिठ्ठी आणि थोडे पैसे घेऊन एकटीच भाजीबाजारात जाते, भाजी घेते आणि परत येते, अशी माझी लघुकथा आहे. वाचणारे म्हणतात, 'वर्णन छान, पण काही घडतच नाही.' वाटेत पैसे हरवतात किंवा कोणी हिसकावून नेतं असं दाखवू का? आणि यादी चिठ्ठीवर ठेवू की तिने पाठ केलेली?

उत्तर:

पैसे हरवू नका, चोरही आणू नका. हा विषय माझ्याकडे दुरुस्तीला वर्षातून दोन-चारदा येतोच, आणि त्यातल्या निम्म्या कथांत तिसऱ्या पानावर पैसे पडलेले असतात. पैसे पडले की मुलीच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही. ती रडणार, कोणीतरी कनवाळू माणूस 'काय झालं बाळा?' म्हणून विचारणार, आणि मग तो भाजी घेऊन देणार किंवा देणार नाही. पुढची कथा त्या अनोळखी माणसाची होते. तुमची मुलगी स्वतःच्याच कथेत कडेला जाऊन उभी राहते.

माझा अंदाज असा, की तुमच्या कथेत पैसे यादीला पुरतात की नाही हे कुठेच सांगितलेलं नाही. 'थोडे पैसे' एवढंच आहे. थोडे म्हणजे किती, हे वाचकाला ठाऊक नसेल तर मुलगी एकेका ठेल्यापाशी थांबते तेव्हा त्याला काळजी कसली वाटावी? या विषयात तुम्हाला फुकट मिळालेली एक गोष्ट आहे आणि ती म्हणजे हिशोब. तो वाचकाला मुलीच्या बरोबरीने करता आला पाहिजे. इतका सोपा, की त्याने पुस्तकातून डोळे वर न काढता तो केला पाहिजे.

करून पाहू. देशाचं चलन आणि भाव बाजूला ठेवतो. मुलीच्या मुठीत सारखी दहा नाणी आहेत असं धरू. आईने चिठ्ठीत वजन लिहिलेलं नाही, नाणी लिहिली आहेत: बटाटे ३, टोमॅटो ४, कांदे ३. बेरीज दहा. आई नेहमी बाजारात जाणारी, तिला भाव ठाऊक आहेत, म्हणून तिने मोजून दिलेत. आता या तिन्हींच्या खाली एक चौथी ओळ घाला, 'मटार ३', आणि ती आईने एका रेघेने खोडलेली आहे. रेघ आडवी, पातळ. खालची अक्षरं वाचता येतात.

झालं, कथेचं इंजिन सुरू झालं. तेरा हवे होते, दहा होते. हे तुम्ही कुठेही लिहायचं नाही. वाचक ती बेरीज करतो आणि त्याला या घराबद्दल कळायचं ते कळतं. 'गरिबी', 'ओढाताण', 'महिनाअखेर' यांतला एकही शब्द वापरावा लागत नाही. मुलीला मात्र हे कळत नाही. तिला एवढंच दिसतं की आईने मटार लिहिले होते आणि मग खोडले. का खोडले असतील? मटारवाला लांब बसतो म्हणून? आईला वाटलं असेल मला पिशवी जड होईल? तिने काढलेलं कारण चुकीचं असलं पाहिजे, पण आठ वर्षांच्या डोक्याला पटेल असं असलं पाहिजे.

मग ती ठरवते की मटार न्यायचेच. इथे एक क्षण थांबून विचार करा, तिला मटार का हवेत? तिला खायला आवडतात म्हणून, असं केलंत तर तिने घरच्या पैशांत स्वतःची हौस भागवली असं होतं. आईला आवडतात म्हणून, असं केलंत तर सगळं इतकं गोड होतं की दात शिवशिवतात. मी मधली वाट सुचवतो. मटार सोलायला आई तिच्याजवळ जमिनीवर बसते. एरवी ती बसतच नाही. शेंग दाबली की फटकन उघडते, दाणे ताटलीत पडतात, एखादा पळतो, दोघी त्याच्यामागे हात टाकतात. मुलीला मटार खायला फारसे आवडतही नाहीत. ही आठवण तीन वाक्यांत आणि बाजारात जाण्याआधी येऊ द्या, बाजारात पोचल्यावर नको. कारणाची आठवण ऐन प्रसंगी काढली की वाचकाला लेखकाचा हात दिसतो.

आता हिशोब पुढे चालवू. बटाटे आधी. तीन नाणी गेली, सात राहिली. हा ठेला दोन ओळींत संपवा. इथे काही होत नाही आणि होऊही नये, कारण व्यवहार सुरळीत झाला तर कसा होतो हे वाचकाला एकदा दिसायला हवं. मग टोमॅटो. दोन ढीग आहेत. कडक टोमॅटो चारला, मऊ पडलेले दोनला. ती मऊ घेते. सातातून दोन गेले, पाच राहिले. कांद्यांचे तीन दिले तर उरतात दोन, आणि मटार तीनला आहेत. एक नाणं कमी. ही एका नाण्याची तूट म्हणजेच तुमची कथा. तूट चार-पाच नाण्यांची असती तर तिने नाद सोडला असता, आणि तूटच नसती तर कथा नसती. आता तिच्यापुढे एकच मार्ग आहे. कांदे तीनऐवजी दोनचे घ्यायचे.

लक्षात घ्या, टोमॅटोपाशी तिने यादी मोडलेली नाही. आईने टोमॅटो सांगितले, तिने टोमॅटो घेतले. ती हुशारी आहे आणि तिला स्वतःचा थोडा अभिमानही वाटू शकतो. कांद्यापाशी मात्र ती आईने लिहिलेला आकडा बदलते. पहिल्या पायरीवर हुशारी, दुसऱ्या पायरीवर चोरटेपणा, आणि दोन्हींत अंतर एका नाण्याचं. म्हणून कथेतली सगळ्यात जास्त जागा कांद्याच्या ठेल्याला द्या. बाकी सगळा बाजार मिळून जेवढा, तेवढी या एका ठेल्याला. मी तो प्रसंग असा लिहीन:

'मावशी, दोनचे कांदे द्या.'
'दोनचे? एवढेच? आईने किती सांगितलेत?'
'दोनचेच.'
'एकटीच आलीस का गं?'
'आई येतेय मागून.'
मावशीने मागे पाहिलं. मागे कोणीच थांबलेलं नव्हतं.
'चिठ्ठी आहे ना मुठीत? बघू.'
चिठ्ठी घामाने मऊ झाली होती. तिने ती उघडली आणि पुढे धरली. अंगठा कांद्यांच्या पुढच्या आकड्यावर ठेवला. अंगठा पुरतो का? तिने तो आणखी जरा दाबला. मावशी वाकली. तिने वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. खालची रेघसुद्धा वाचली असेल का? मग तिने तराजूत कांदे टाकायला सुरुवात केली.

इथे तुमचा हात शिवशिवेल. मावशीने सगळं ओळखावं आणि वजन झाल्यावर वर एक कांदा टाकावा, असं वाटेल. मलाही दरवेळी वाटतं. टाकू देऊ नका. तो एक कांदा पिशवीत पडला की मुलीने आकडा बदलल्याची किंमतच उरत नाही. घरी कांदे पुरेसे पोचतात, मटारही पोचतात, सगळे सुखी होतात, आणि कथा एका चांगल्या बाईची गोष्ट होऊन बसते. मावशीने ओळखलं की नाही हे वाचकाला कळू नये, मुलीलाही कळू नये. मावशी दोनचे कांदे दोनचेच देते. हवं तर पिशवीचं तोंड नीट वळवून तिच्या हातात देते, इतकंच.

या प्रसंगात धोका कुठून आला तेही पाहा. चोर बाहेरून आला असता. हा धोका तिच्या मुठीतूनच आला, जी चिठ्ठी तिच्या मदतीसाठी दिली होती तिच्यातून. तुम्हाला 'काहीतरी घडायला' हवं होतं ते हेच.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निम्मं मिळालं असेल. या कथेत यादी चिठ्ठीवरच हवी, कारण खोडलेली ओळ तोंडी सांगता येत नाही. आई 'मटार... नको, राहू दे' असं म्हणू शकते, पण ते हवेत विरून जातं. ते अंगठ्याखाली झाकता येत नाही आणि घरी परत आणून आईपुढे धरताही येत नाही.

पाठ केलेली यादी ठेवलीत तर कथाच वेगळी होते, विसरण्याची. तीही चांगली कथा आहे, फक्त मूल लहान घ्यावं लागेल. झिनाइदा इस्तोमिना या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ बाईंनी तीन ते सात वर्षांच्या मुलांबरोबर दुकान-दुकान खेळून त्यांना वस्तूंची यादी आणायला पाठवलं होतं. हे काम १९४८मध्ये प्रसिद्ध झालं. नुसते शब्द पाठ करायला सांगितल्यावर मुलांना जेवढे आठवत, त्याहून दुकानाच्या खेळात जास्त आठवले, हा त्यांचा निष्कर्ष. पुढे इतरांनी तसाच प्रयोग केला तेव्हा दरवेळी तसंच आलं नाही, म्हणून त्यावर फार भार टाकत नाही. लेखकाच्या कामाची आहेत ती त्यांनी टिपलेली मुलांची वागणूक. अगदी लहान मुलं यादी पुरती ऐकूनही घेत नाहीत, निघालीच पळत. थोडी मोठी मुलं ऐकताना ओठ हलवतात, मनातल्या मनात घोकतात. त्याहून मोठी मुलं निघण्याआधी परत विचारून घेतात. म्हणजे तुमच्या कथेतलं मूल चार वर्षांचं की सहा वर्षांचं, हे वय न सांगता दारातून निघण्याच्या एका वाक्यात दाखवता येतं.

वयाचीच आणखी एक गोष्ट, कारण इथे बऱ्याच कथा घसरतात. आठ वर्षांची मुलगी दहातून तीन वजा करते, सातातून दोन वजा करते. पण 'किलोला एवढे तर पाऊण किलोला किती' हे तिला उभ्या उभ्या बाजारात येईलच असं नाही. माझ्याकडे आलेल्या एका कथेत सात वर्षांचा मुलगा पाव किलोचे भाव काढून दोन ठेल्यांची तुलना करत होता. लेखक स्वतः हिशोबतपासनीस होते, ते त्या मुलात शिरलेले दिसत होते. म्हणून वर मी सगळा हिशोब नाण्यांत ठेवला, वजनात नाही. आईनेही म्हणूनच नाण्यांत लिहिलं, असं मानायला जागा राहते. मूल पाच वर्षांचं घेतलंत तर उलट गंमत करता येते. स्विस मानसशास्त्रज्ञ झ्याँ पियाजेने दाखवलं होतं की त्या वयाच्या मुलांपुढे नाण्यांच्या दोन सारख्या ओळी मांडून एक ओळ नुसती पसरली, तरी लांब ओळीत नाणी जास्त आहेत असं ती सांगतात. असं मूल एका मोठ्या नाण्याऐवजी दोन छोटी परत मिळाली तर श्रीमंत झाल्यासारखं चालेल. तुमची मुलगी त्या टप्प्यापलीकडे गेलेली आहे, तिच्याकडून हे करवून घेऊ नका.

आता भाषेकडे येतो. तुमचा मसुदा मी पाहिलेला नाही, पण या विषयाच्या दहापैकी नऊ कथांत असं एक वाक्य असतंच: 'बाजारातली ती अफाट गर्दी पाहून तिच्या कोवळ्या मनात भीतीची लहर उमटली.' हे वाक्य मुलीच्या डोक्यावरून, मोठ्या माणसाच्या उंचीवरून लिहिलेलं आहे. आठ वर्षांच्या मुलीला स्वतःचं मन कोवळं वाटत नाही, आणि गर्दी अफाटही वाटत नाही, कारण तिला ती दिसतच नाही. तिची उंची सव्वाशे सेंटीमीटरच्या आसपास, डोळे त्याखाली. तिला दिसतात लोकांच्या पिशव्या, कोपरं, पाठी. ठेल्यावरचा ढीग तिला समोरून भिंतीसारखा दिसतो, मागचा भाग दिसत नाही. त्यामुळे मऊ टोमॅटो तिला डोळ्यांनी आधी दिसणारच नाहीत, ती हात लावील तेव्हा बोट आत जाईल आणि मग तिला कळेल. विकणारी बाई जमिनीवर बसलेली असेल तर मात्र दोघींचे डोळे एका रेषेत येतात. कांद्याची मावशी म्हणूनच खाली बसवा. मुलीला तिच्या नजरेतून सुटायला जागा राहत नाही.

भीती दाखवायचीच तर मुठीतून दाखवा. नाणी ती किती वेळा मोजते? पहिल्यांदा घराच्या दारात, मग वळणावर, मग प्रत्येक ठेल्याआधी. तिसऱ्या मोजणीला एक कमी भरतं आणि ते बोटांच्या बेचक्यात अडकलेलं सापडतं. हरवलेल्या पैशांचा जेवढा थरार तुम्हाला हवा होता तेवढा या एका वाक्यात निघतो आणि हिशोबही मोडत नाही.

निवेदन तृतीयपुरुषी ठेवा, पण मुलीला चिकटून. मराठीत एक मोठी सोय आहे. 'तिला वाटलं की', 'तिने मनाशी म्हटलं' असले खांब न रोवता मनातला विचार तसाच निवेदनात सोडता येतो आणि काळ बदलावा लागत नाही. 'अंगठा पुरतो का?' हे वाक्य वर तसंच आलं आहे. आजूबाजूचं निवेदन भूतकाळात, हा विचार वर्तमानात, आणि वाचक अडखळत नाही. प्रथमपुरुषी 'मी' घेतलात तर मात्र एक अडचण येते. बाजारातून येऊन तीस वर्षं झालेली बाई बोलत असते, आणि तिला मटार का खोडले होते ते केव्हाच कळलेलं असतं. ती न कळल्याचं सोंग करते आणि वाचकाला ते सोंग जाणवतं. तरीही 'मी'च हवं असेल तर तिला कळलंय हे पहिल्या परिच्छेदातच कबूल करून टाका.

'चिमुकले', 'इवलेसे', 'निरागस', 'भाबडी' हे शब्द मसुद्यात शोधा आणि काढा. ते काढल्यावर वाक्य लंगडं झालं, तर ते वाक्यही काढा.

शेवट. मुलगी घरी येते, पिशवी रिकामी होते. आई बटाटे बाजूला करते, टोमॅटो दाबून पाहते, कांदे कमी आहेत हे तिला हाताला कळतं. मग मटार निघतात. इथे तीन शेवट मी इतक्या वेळा वाचले आहेत की आता लांबूनच ओळखू येतात: आईचे डोळे पाणावतात, आई रागावते आणि मग कुशीत घेते, किंवा आई 'खोटं बोलू नये' सांगते. तिन्हींत आई शेवटचा शब्द बोलते आणि मुलीने केलेल्या गोष्टीवर निकाल देते. निकाल आला की वाचकाला स्वतः काही ठरवायचं राहत नाही.

त्याऐवजी मुलीकडे एक वाक्य आहे, ते तिला बोलू द्या. आई विचारते, 'आणि हे?' मुलगी म्हणते, 'चिठ्ठीत होतं.' ते खरं आहे. अगदी अक्षरशः खरं आहे. कांद्याच्या ठेल्यावर खोटं बोललेली मुलगी घरी खरं बोलते आणि ते खरं त्या खोट्याहून अवघड आहे, कारण आता ती चिठ्ठी आईच्या हातात जाणार. खोडलेली ओळ जिने खोडली तिच्याचकडे परत येते.

त्यानंतर फार तर दोन वाक्यं. मी असं करीन: आई म्हणते, 'कांदे कमी आहेत.' आणि ताटली घेऊन खाली बसते. तिला कळलं, ती रागावली, तिला बरं वाटलं, यातलं काहीही सांगायचं नाही. ती बसली, हे मात्र वाचकाला दिसलं पाहिजे, कारण मुलीला तेवढंच हवं होतं. ती न बसता 'उद्या सोलू' म्हणत मटार फळीवर ठेवते, असाही शेवट होऊ शकतो. तो जास्त कडू आहे आणि खरं सांगायचं तर मला तो थोडा जास्त पटतो. पण मग सुरुवातीची सोलण्याची आठवण आणखी छोटी करा, नाहीतर वाचकाला मुद्दाम छळल्यासारखं वाटेल.

लांबी दीड-दोन हजार शब्दांपलीकडे जाऊ देऊ नका. सुरुवातीला सकाळचं वर्णन, कोंबडा, ऊन, घराची रचना असं पानभर काही असेल तर ते वगळा आणि पहिल्या ओळीत चिठ्ठी आणा. चारही ओळी, आकड्यांसकट, जशा आईने लिहिल्या तशा एकाखाली एक छापा. खोडलेल्या ओळीवर छापतानाही रेघ असू द्या. एका अंकवाल्यांनी माझी तशी ओळ चूक समजून नुसती गाळून टाकली होती. म्हणून पाठवताना समासात लिहून ठेवा, की रेघ मुद्दाम आहे.